गर्दीच्या बसमधला फोटो आणि त्याखालच्या दोन ओळी

कात्रजहून शिवाजीनगरला जाणारी सकाळची बस स्वारगेटला येते तेव्हा आतली माणसं आधीच दारापर्यंत आलेली असतात, तरी आपण चढतोच, आणि कंडक्टर मागून "पुढे सरका, पुढे रिकामंय" म्हणत असतात. जुलैतल्या अशाच एका सकाळी डाव्या बाजूच्या लेडीज सीटशेजारी दांड्याला धरून उभी असताना मी एक फोटो काढला. त्यात कुणाचाच चेहरा नाही. एका काकूंची मांडी आहे, त्यावर एकावर एक रचलेल्या चार पिशव्या आहेत, सगळ्यात वरच्या पिशवीवर त्यांचा हात, हातात हिरव्या बांगड्या आणि बांगड्यांमध्ये खोचलेलं तिकीट. फोटो काढायला चार सेकंद लागले असतील, पण त्याखाली काय लिहायचं यात माझे दोन दिवस गेले, आणि त्या दोन दिवसांत कॅप्शनबद्दल जे काही कळलं ते सगळं इथे त्याच एका फोटोवर करून दाखवते, म्हणजे तुमच्या फोनमध्ये पडून राहिलेल्या बस-मेट्रो-लोकलच्या फोटोंना वापरता येईल.

पायरी १: उतरायच्या आधी टिपून ठेवा

कॅप्शन घरी जाऊन रात्री लिहायला बसलं की हमखास पोकळ होतं, कारण तोपर्यंत आपल्याकडे फक्त फोटो उरलेला असतो आणि "किती छान होतं ते" असं काहीतरी धूसर. तेव्हा नेमकं काय झालं होतं ते गेलेलं असतं. म्हणून फोटो काढल्या काढल्या, बस सिग्नलला थांबली की, फोनच्या नोट्समध्ये चार-पाच तुटक गोष्टी टाका. व्याकरण नको, वाक्य नको. जे फोटोत येऊ शकत नाही तेच टाका, म्हणजे कुणी काय बोललं ते जसंच्या तसं, कसला वास होता, कसला आवाज होता, फोटोच्या आधीच्या मिनिटात काय झालं आणि नंतरच्या मिनिटात काय झालं. फोटो म्हणजे मधलाच एक क्षण असतो, आणि त्याच्या आधीचं आणि नंतरचं सांगायला कॅप्शनशिवाय दुसरी जागाच नाही.

माझ्या त्या दिवशीच्या नोट्स अशा आहेत, जशा आहेत तशाच देते: "माझी सॅक आधी घेतली, मग कॉलेजवाल्या मुलीची, मग डब्याची पिशवी. दे गं ती पण दे इकडे. खालची कापडी त्यांची स्वतःची, कोथिंबीर बाहेर. ओल्या छत्रीचा वास. शनिपारपाशी दहा मिनिटं. मनपाला बरोबर ज्याची त्याला."

यातलं "दे गं, ती पण दे इकडे" हे त्या डब्याच्या पिशवीवालीला म्हणाल्या होत्या. मी तेव्हाच लिहून ठेवलं नसतं तर संध्याकाळपर्यंत मी त्याचं "त्यांनी सगळ्यांच्या पिशव्या सांभाळल्या" करून टाकलं असतं. अर्थ तोच राहिला असता, पण काकू गेल्या असत्या. माणसाच्या तोंडचं वाक्य ऐकू आलं की ते लगेच, शब्द न बदलता उतरवा, बाकी सगळं नंतर आठवतं पण कुणी "पण" म्हणालं की "सुद्धा" ते आठवत नाही.

पायरी २: फोटो जे सांगतोय ते खोडा

आता फोटो समोर ठेवा आणि तुमच्या ओळखीतल्या, त्या बसमध्ये नसलेल्या कुणाला तरी दाखवा, काहीच न सांगता. विचारा, काय दिसतंय. मी माझ्या भावाला दाखवला. तो म्हणाला, "बसमधे कुणीतरी भरपूर सामान घेऊन बसलंय."

हे मला फार उपयोगी पडलं. म्हणजे फोटोत गर्दीची बस दिसते, बाई दिसते, चार पिशव्या दिसतात, हात दिसतो. ते परत शब्दांत सांगायची गरज नाही. "गर्दीच्या बसमध्ये पिशव्या घेऊन बसलेल्या काकू" असं लिहिलं तर ते फोटोवर लावलेलं लेबल झालं. पण त्याला जे दिसलं नाही, दिसूच शकत नव्हतं, ते एकच होतं, की ते सामान त्यांचं नाहीये. माझ्या फोटोत जी काही सुंदर गोष्ट आहे ती तेवढीच, आणि ती फोटोच्या बाहेर आहे. बघणारा जे चुकीचं समजतो किंवा त्याला जे समजतच नाही, तिथेच तुमचं कॅप्शन असतं. प्रत्येक फोटोत अशी जागा असतेच असं नाही, काही फोटोंना सगळं आत असतं, त्यांना मग फक्त जागेचं नाव द्या आणि सोडून द्या. पण गर्दीच्या फोटोंना ती जवळजवळ नेहमी असते, कारण गर्दीत जे छान घडतं ते हात, आवाज, जागा करून देणं असं असतं आणि कॅमेऱ्याला त्यातलं फार थोडं मिळतं.

पायरी ३: एकच गोष्ट ठेवा

मला त्या फोटोत खरं तर दोन गोष्टी आवडल्या होत्या. पिशव्या, आणि बांगड्यांमध्ये खोचलेलं ते तिकीट. तिकीट कुठे ठेवायचं हा बसमधला रोजचा प्रश्न आहे, एक हात दांड्याला आणि दुसऱ्यात फोन, मग कुणी घड्याळाच्या पट्ट्याखाली सरकवतं, कुणी अंगठीत दुमडून घालतं, कुणी ओठात धरतं, आणि काकूंनी बांगड्यांत खोचलं होतं, हिरव्या काचेमधून त्या पांढऱ्या कागदाचं एक टोक दिसत होतं. हे मला इतकं आवडलं होतं की सुरुवातीला मी ते सोडायलाच तयार नव्हते. पण दोन्ही एकत्र लिहिलं की वाचणाऱ्याची नजर आधी पिशव्यांवर, मग बांगड्यांवर, मग परत पिशव्यांवर अशी फिरते आणि कुठेच टिकत नाही. शिवाय तिकीट तर फोटोत दिसतंच आहे, बघणारा स्वतः शोधेल, आणि स्वतः सापडलेल्या गोष्टीचा आनंद वेगळा. म्हणून ते फोटोवर सोडलं आणि ओळी पिशव्यांना दिल्या. आवडलेली दुसरी गोष्ट फेकून देऊ नका, नोट्समध्ये राहू द्या, कुठल्या तरी दुसऱ्या सकाळी नुसत्या हाताचा फोटो मिळेल तेव्हा कामाला येते.

पायरी ४: खर्डे, एकामागून एक

हे सगळे माझेच आहेत, क्रमाने देते.

पहिला: "गर्दीतही माणुसकी जिवंत आहे." पुढे लाल बदाम आणि पुण्याचे हॅशटॅग. यात खोटं काही नाही, मला तेव्हा खरंच तसं वाटलं होतं. पण हे वाक्य निष्कर्ष आहे, आणि निष्कर्ष मीच काढून दिला तर फोटो बघणाऱ्याला करायला काही उरत नाही. आणि हेच वाक्य पुरात मदत करणाऱ्यांच्या फोटोखाली चालेल, रक्तदानाच्या फोटोखाली चालेल, रस्त्यावरच्या कुत्र्याला बिस्किट देणाऱ्या मुलाच्या फोटोखाली चालेल. मग ते या काकूंचं कसं?

दुसरा: "रोजच्या धकाधकीत असे क्षण मनाला उभारी देऊन जातात." हा तर त्याहून वाईट झाला, कारण आता त्यात मीसुद्धा नाही. "धकाधकी", "क्षण", "उभारी" असं मी घरात कधी बोलत नाही. आईला फोनवर सांगताना मी असं म्हणेन का, हा माझा यावरचा उपाय आहे. म्हणून मग तिसरा खर्डा मी लिहिलाच नाही, आईला फोन केला आणि काय बोलले ते लिहून काढलं:

"अगं आज स्वारगेटला चढले तर पाय ठेवायला जागा नव्हती, एका काकूंनी आपणहून माझी सॅक मांडीवर घेतली, मग शेजारच्या मुलीची घेतली, मग अजून एकीची, म्हणजे त्यांची स्वतःची धरून चार झाल्या, आणि मनपाला बरोबर एकेकीला परत दिल्या."

हे लांब आहे, पण यात जीव आहे, कारण यात माणसं हलतायत. खरं कॅप्शन बहुतेक वेळा याच खर्ड्यात दडलेलं असतं आणि ते शोधायची सोपी खूण अशी की बोलताना तुमचा आवाज जिथे चढला ती जागा बघा. माझा आवाज चढला तो "त्यांची स्वतःची धरून चार" यावर. मग बाकी सगळं बाजूला ठेवून तेवढंच घेतलं. चौथा खर्डा:

"काकूंच्या मांडीवर चार पिशव्या. त्यातली एकच त्यांची."

इथे मला कळलं की हे आहे. पहिलं वाक्य फोटोत दिसतं तेच सांगतं, वाचणारा "हो, दिसतंय की" म्हणतो, आणि दुसऱ्या वाक्यावर परत फोटोकडे जातो, या वेळी वेगळ्या नजरेने. भावाला परत दाखवलं तर तो फोटो मोठा करून कुठली पिशवी त्यांची ते शोधायला लागला.

पायरी ५: मराठीचे छोटे शब्द हाताळा

इथे थोडं थांबते, कारण मराठीत कॅप्शन लिहायचं तर खरी गंमत इथेच आहे. त्या "एकच" मधला "च" बघा. "त्यातली एक त्यांची" असं केलं तर ती नुसती माहिती झाली. "त्यातली एक त्यांचीच" केलं तर त्या कुणाशी भांडतायत असं वाटतं. "त्यातली एकच त्यांची" म्हटलं की उरलेल्या तीन आपोआप परक्यांच्या झाल्या, मला "परक्या", "अनोळखी" असा शब्द वापरावाच लागला नाही. एका अक्षराने एवढं काम होतंय तर विशेषण कशाला लावायचं. म्हणून लिहून झालं की "च", "ही", "तरी", "पण" हे कुठे बसलेत ते एकदा पुढेमागे सरकवून मोठ्याने वाचून बघा. "आजही खिडकी मिळाली", "आजच खिडकी मिळाली", "आज खिडकी तरी मिळाली" ही तीन वेगवेगळ्या माणसांची तीन वेगवेगळी आयुष्यं आहेत.

काकूंच्या तोंडचं वाक्यही यामुळेच जसंच्या तसं ठेवायचं. "दे गं, ती पण दे इकडे." यातल्या "पण"मुळे कळतं की आधी कुणाकुणाच्या घेऊन झाल्यात. आणि "गं"मुळे त्या कशा बोलत होत्या ते कळतं, पहिल्यांदाच बघत असलेल्या मुलीशी घरच्यासारखं. मी हे समजावून सांगायला गेले असते तर चार वाक्यं लागली असती.

दुसरी गोष्ट, वाक्यात जे सगळ्यात छान आहे ते शेवटाकडे न्या. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि "होत्या", "आहे", "असतं" अशा शब्दांवर वाक्य संपलं की शेवट ढिला पडतो. "काकूंच्या मांडीवर ज्या चार पिशव्या होत्या त्यातली फक्त एकच पिशवी त्यांची स्वतःची होती" हे तेच वाक्य आहे, पण "होती"वर येईपर्यंत हवा गेली. बोलताना आपण असे "होती" सर्रास गिळतो, लिहिताना पण गिळले तर चालतात. फक्त सगळीच वाक्यं अशी तुटकी करू नका, दोन-तीन ओळींत एखादं क्रियापद नीट असू द्या, नाहीतर ते तार पाठवल्यासारखं वाचलं जातं.

आणि तिसरं म्हणजे "म्हणून", "कारण", "त्यामुळे" काढा. यासाठी दुसरा फोटो सांगते. वनाजहून रामवाडीकडे जाणारी मेट्रो डेक्कनला येते आणि मग संभाजी उद्यान, पुणे महानगरपालिका असा तिचा रस्ता मुठेच्या काठाकाठाने जातो. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की डेक्कनजवळचा भिडे पूल पाण्याखाली जातो हे पुण्यात सगळ्यांना पाठ आहे. अशा एका दिवशी मेट्रोत उभ्या असलेल्या माणसांचा, पाठमोऱ्यांचा, सगळे एकाच बाजूच्या काचेकडे वळलेले असा एक फोटो माझ्या मैत्रिणीने काढला. तिने लिहिलं होतं, "नदीला पाणी आलंय म्हणून सगळे मोबाईल सोडून बाहेर बघतायत." बरोबर आहे, पण कारण आधी आणि घटना नंतर आल्याने बघायला काही उरलं नाही. आम्ही ते असं केलं:

"डेक्कन सुटलं आणि सगळ्यांचे मोबाईल खाली गेले. नदीला पाणी आलंय."

आता वाचणारा पहिल्या वाक्याला "का बरं" म्हणतो आणि दुसऱ्याला खिडकीपाशी पोचतो. त्या डब्यातली माणसं ज्या क्रमाने वळली त्याच क्रमाने.

पायरी ६: त्रास पुसू नका

रोजच्या प्रवासातलं सुंदर काहीतरी शोधायचं म्हटलं की माणूस गर्दीलाच सुंदर म्हणायला लागतो, आणि मग रोज त्याच बसमध्ये खांद्यावर ओझं घेऊन उभं राहणाऱ्याला ते वाचून राग येतो, आणि त्याचा राग बरोबर आहे. गर्दी सुंदर नाहीये. घाम, ओल्या छत्र्या, पायावर पाय, शनिपारपासून शनिवारवाड्यापर्यंत बाजीराव रोडवर इंचाइंचाने सरकणं, हे सगळं खरं आहे. आणि काकूंनी सॅक घेतली त्याला किंमत आहे ती या सगळ्यामुळेच, रिकाम्या बसमध्ये कुणी कुणाची पिशवी घेतली तर ते थोडं विचित्रच दिसेल. म्हणून कॅप्शनमध्ये त्रासाची एक तरी खूण ठेवा, तक्रार म्हणून नाही, नुसती नोंद म्हणून. एकच पुरते. मी तिसरी ओळ घातली, "स्वारगेट ते मनपा, एका पायावर." ही गोष्ट माझी स्वतःची आहे, माझाच पाय, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या दमण्याचं मी काही सुंदर वगैरे करत नाहीये.

कुठली खूण ठेवायची तर शरीराची ठेवा. पाय, खांदा, दांड्याला घासून तांबडा झालेला तळवा. "ट्रॅफिक", "गर्दी", "धावपळ" हे शब्द इतक्यांदा वापरून झालेत की वाचताना डोळा त्यांच्यावरून सरळ पुढे जातो.

पायरी ७: आधीच्या दोन ओळींतच काय ते

इन्स्टाग्रामवर कॅप्शन २,२०० अक्षरांपर्यंत चालतं, पण फीडमध्ये पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात आणि बाकी बोट लावल्यावर उघडतं. त्यात देवनागरीचं एक आहे, आपल्याला जे एक अक्षर वाटतं ते फोनसाठी दोन-तीन असू शकतं, काना, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. "पिशव्या" आपल्याला तीन अक्षरांचा शब्द, आतून तो सात चिन्हांचा. म्हणून जागा वाटते त्यापेक्षा लवकर संपते. "शुभ सकाळ मित्रांनो", तारीख, हॅशटॅग, बसचा इमोजी यातलं काही पहिल्या ओळीत नको. मुख्य गोष्ट पहिल्या ओळीत, बोललेलं वाक्य दुसऱ्या, जागा तिसऱ्या. हॅशटॅग टाकायचेच तर अगदी खाली, दोन-तीन.

पायरी ८: ज्यांचा फोटो आहे ती माणसं

ही पायरी मी सातव्या पायरीनंतर लिहितेय पण करायची सगळ्यात आधी, आणि ती मला एका चुकीनंतर कळली. काही वर्षांपूर्वी मी बसमध्ये शेजारच्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपलेल्या एका माणसाचा फोटो टाकला होता, चेहरा स्पष्ट, आणि खाली लिहिलं होतं "निवांत". मला ते फार गोड वाटलं होतं. दोन दिवसांनी ओळखीतल्या एका मुलाने सांगितलं की ते त्याच्या सोसायटीतले आहेत, रात्रपाळी करून घरी चालले होते, आणि फोटो त्यांच्यापर्यंत पोचलाय आणि त्यांना अजिबात आवडलेलं नाही. मी फोटो काढून टाकला, त्यांना निरोपही पाठवला. "निवांत" हा शब्द मला अजून खटकतो, कारण ते निवांत नव्हते, थकलेले होते, आणि मी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर माझे काही नियम झालेत. चेहरा नको, हात, पाठ, पिशव्या, काचेतलं प्रतिबिंब यातच बघायचं. जवळून काढायचा असेल तर विचारायचं. मी काकूंना विचारलं, "काकू, पिशव्यांचा आणि हाताचा फोटो काढू का? चेहरा नाही येणार." त्या म्हणाल्या, "काढ, पण आधी ती कोथिंबीर आत सरकव." विचारल्यामुळे फोटो बिघडला नाही, उलट हे वाक्य मिळालं. नाही म्हणाल्या असत्या तर फोन खाली, विषय संपला.

कॅप्शनमध्ये कुणाच्या मनात काय चाललंय ते लिहायचं नाही. काकू "मायेने" बघत होत्या, "समाधानी" होत्या, हे मला काय माहीत. त्यांनी काय केलं आणि काय म्हटलं ते मला माहितीये, तेवढं लिहिलं.

आणि बायकांनी, मुलींनी हे जरूर लक्षात ठेवा, रोजची वेळ, रोजचा स्टॉप आणि रोजची बस असं तिन्ही एकत्र लिहायचं नाही, स्वतःबद्दलही नाही आणि दुसऱ्या कुणाबद्दल तर मुळीच नाही. माझ्या एका खर्ड्यात बसची वेळ होती, ८:५२, आकड्यामुळे ओळ छान ठाशीव वाटत होती, तरी काढली. फोटोही त्याच दिवशी न टाकता आठवड्याने टाकला. त्याने ओळींचं काही बिघडत नाही, शिळ्या होण्यासारखं त्यात काही नसतं.

पायरी ९: "रोज" लिहायचं असेल तर

"रोज" हा शब्द एका सकाळच्या जोरावर लिहू नका. काकूंची गोष्ट एकदाच घडली, म्हणून माझ्या कॅप्शनमध्ये "रोज" नाही. पण काही गोष्टी खरंच रोजच्या असतात आणि त्या पहिल्या दिवशी दिसतच नाहीत, चौथ्या-पाचव्या दिवशी दिसायला लागतात. त्यासाठी एक आठवडा एकाच जागी उभं राहायचं, शक्यतो एकाच वेळच्या बसला, आणि दिवसाला एकच ओळ लिहायची. मी असं केलं तेव्हा सोमवार-मंगळवारच्या ओळी अगदी सामान्य आहेत, पाऊस, गर्दी, कुणाचा तरी रिंगटोन. बुधवारी लिहिलंय, "ड्रायव्हर काका एका स्टॉपला उगाच थांबले." गुरुवारी परत, "तिथेच थांबले, आरशात बघत होते." शुक्रवारी कळलं की एक मुलगी रोज गल्लीतून पळत येते आणि ते तिच्यासाठी थांबतात, अर्धा मिनिटही नाही, पण थांबतात. त्या दिवशी मी नुसत्या आरशाचा फोटो काढला, बाहेरच्या बाजूचा तो मोठा आरसा, त्यावर पावसाचे थेंब आणि त्यात ओला रस्ता. खाली:

"रोज इथे ड्रायव्हर काका आरशात बघतात. ती पळत येते. मग बस सुटते."

मुलगी फोटोत नाही आणि स्टॉपचं नावही नाही, ते मुद्दाम. पण आरसा नुसता आरसा राहिला नाही. आणि ती "रोज" पाच दिवसांच्या नोट्सवर उभी आहे, त्यामुळे मला ती लिहिताना संकोच वाटला नाही.

टाकायच्या आधी

दोनच गोष्टी तपासा. एक, ओळी मोठ्याने वाचा, आणि कुठेही "मी असं बोलत नाही" वाटलं तर तो शब्द बदला. दोन, तेच कॅप्शन तुमच्याच फोनमधल्या दुसऱ्या एखाद्या फोटोखाली ठेवून बघा. तिथेही तितकंच बरं वाटत असेल तर ते या फोटोचं नाही, परत नोट्सकडे जा. माझ्या पहिल्या दोन खर्ड्यांनी ही दुसरी परीक्षा सिंहगडावरच्या धुक्याच्या फोटोखाली आरामात पार केली होती, यावरून काय ते समजा. चौथा खर्डा धुक्याखाली ठेवला तर त्याला काही अर्थच उरला नाही.

ऑल्ट टेक्स्ट पण भरा, ज्यांना फोटो दिसत नाही त्यांचा फोन ते वाचून दाखवतो. तिथे मात्र उलटं करायचं, दुसऱ्या पायरीत जे जे खोडलं ते सगळं तिथे साध्या शब्दांत लिहायचं. मी लिहिलं, "बसच्या सीटवर बसलेल्या बाईच्या मांडीवर चार पिशव्या, वर हिरव्या बांगड्यांचा हात, बांगड्यांत तिकीट, खालच्या पिशवीतून किंचित दिसणारी कोथिंबीर." म्हणजे त्यांनाही आधी चार पिशव्याच भेटतात, आणि मग माझ्या ओळी.

शेवटी जे टाकलं ते हे:

काकूंच्या मांडीवर चार पिशव्या. त्यातली एकच त्यांची.
"दे गं, ती पण दे इकडे."
स्वारगेट ते मनपा, एका पायावर.

मनपाला पिशव्या बरोबर ज्याच्या त्याला मिळाल्या ते यात नाही, चौथ्या ओळीत घालून बघितलं होतं, पण तोवर वाचणारा बसमधून उतरलेला असतो. कोथिंबीरही नाही, आत सरकवली तरी तिची दोन पानं बाहेर राहिलीच होती आणि ती फोटोत आहेत.